बंड्या गेला, एवढंच लिहा

घरातलं कुत्रं किंवा मांजर गेल्यावर लोक ओळखीच्यांना जो मजकूर पाठवतात, तो अलीकडे बहुतेक एकाच साच्यातून निघतो. आधी इंद्रधनुष्याचा पूल येतो, मग निखळ प्रेमाची शिकवण, आणि शेवटी वाचणाऱ्याला आयुष्य भरभरून जगण्याचा सल्ला. हा पूल आपल्याकडचा नव्हे. स्कॉटलंडमधल्या एडना क्लाईन-रेखी या मुलीने 1959 साली आपला लॅब्रॅडॉर ‘मेजर’ गेल्यावर स्वतःपुरता एक छोटा मजकूर लिहिला. तो हातोहात जगभर पसरला, आणि तिचं नाव त्याला पुन्हा जोडलं गेलं ते 2023 मध्ये. तिच्या दुःखात ते शब्द खरे होते. आपण ते उसने घेतो, तेव्हा आपला कुत्रा त्यांत कुठेच दिसत नाही.

माणसं असं का लिहितात? मायेची कमतरता हे कारण नक्कीच नाही. मुख्य कारण संकोच आहे. माणूस गेला की सुतक असतं, भेटायला येणारी माणसं असतात, दहावा-तेरावा असतो. कुत्रा गेला तर दुसऱ्या दिवशी ऑफिसला जावं लागतं आणि ‘कुत्र्यासाठी एवढं?’ हे कुणी बोललं नाही तरी ऐकू येतं. ज्या दुःखाला समाज जागा देत नाही, त्यावर केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 मध्ये एक पुस्तकच संपादित केलं. पाळीव प्राण्याचं जाणं हे अशा दुःखाचं ठळक उदाहरण मानलं जातं. मग लिहिणारा आधीच माघार घेतो. ‘आम्ही रडत नाही, आम्ही कृतज्ञ आहोत’ असं सांगून तो वाचणाऱ्याला अवघडलेपणातून सोडवतो. दुःख त्याचं, आणि सांत्वन मात्र तोच दुसऱ्याचं करत बसतो.

एक मजकूर घेऊन बघू. परिचयातल्या एका घरचा आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

‘आमचा लाडका बंड्या आज इंद्रधनुष्याच्या पुलापलीकडे गेला. निखळ प्रेम म्हणजे काय, हे त्याने आम्हाला शिकवलं. तो गेलेला नाही, तो आमच्या हृदयात कायम आहे. शांतपणे डोळे मिटून तो आता तिकडे मजेत धावत असेल. आम्ही रडणार नाही, कारण त्याला आमचे हसरे चेहरे आवडायचे. प्रत्येक क्षण जगा, आपल्या माणसांना घट्ट मिठी मारा!’

यातलं बंड्याचं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याचं घातलं, तर एक शब्द बदलावा लागत नाही. मजकूर तपासायची पहिली कसोटी हीच. दुसरी कसोटी अशी की, हे वाक्य त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात घरातलं कुणी बोललं होतं का? ‘प्रत्येक क्षण जगा’ असं त्या घरात कुणीही म्हणालं नव्हतं. बंड्याची आजी म्हणाली होती, ‘सुटला बिचारा.’ हे दोन शब्द त्या सगळ्या मजकुरापेक्षा खरे आहेत, कारण त्याचे हाल बघितलेल्या माणसाचे ते आहेत. तिकडे मजेत धावणारा बंड्या कुणीच बघितलेला नाही. अर्थात एखाद्या घराची खरोखरच तशी श्रद्धा असेल तर ती लिहावी. खटकते ती उसनी श्रद्धा.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. बंड्याला इंजेक्शन देऊन मरण दिलं होतं, आणि मजकुरात त्याचा पत्ता नाही. घरच्यांना सगळ्यात जास्त टोचत होतं तेच नेमकं वगळलं गेलं. ‘शांतपणे डोळे मिटून’ हेही खरं नव्हतं. या इंजेक्शनात भुलेचं औषध जास्त मात्रेत देतात. प्राणी आधी बेशुद्ध होतो, मग श्वास आणि हृदय थांबतं, पण डोळे बहुतेक वेळा उघडेच राहतात. जवळ बसलेल्यांनी ते पाहिलेलं असतं. प्रत्येक तपशील लिहायलाच हवा असं नाही. पण जे पाहिलं त्याच्या उलट लिहू नये, नाहीतर स्वतःचाच मजकूर पुढे परका वाटायला लागतो.

पुन्हा लिहिताना घरच्यांना साधे प्रश्न विचारले. त्याला काय झालं होतं? शेवटी काय ठरवलंत? जवळ कोण होतं? आणि घरात आता नेमकं काय चुकल्यासारखं वाटतंय? शेवटच्या प्रश्नावर सगळे एकदम बोलायला लागले. जिन्यातली चाहूल ओळखणं, फटाक्यांना घाबरून बाथरूममध्ये बसणं, कुकरच्या शिट्टीवर भुंकणं, पहिली पोळी. सगळंच घ्यावंसं वाटतं. पण एकामागून एक आठवणी रचत गेलं की त्याचं कौतुकपत्र होतं, आणि पुन्हा तोच साचा हाती येतो. म्हणून एकच ठेवली. उरलेल्या घरात बोलायला आहेतच.

शेवटी झालेला मजकूर असा:

‘आमचा बंड्या मंगळवारी सकाळी गेला. तेरा वर्षांचा होता. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. दोन महिने घरीच कातडीखाली सलाईन देत होतो. शेवटी त्याने खाणं सोडलं, उभंही राहता येईना. डॉक्टरांशी बोलून त्याला इंजेक्शन द्यायचं आम्ही ठरवलं. बाबा त्याच्याजवळ होते. निर्णय बरोबर होता असं वाटतं, तरी तो सारखा मनात येतो. पोळ्या सुरू झाल्या की तो ओट्याशी येऊन बसायचा, पहिली पोळी त्याची असायची. घर रिकामं वाटतंय. सध्या फोनवर बोलणं जमणार नाही, निरोप मात्र वाचू.’

यात ‘दुःख’ हा शब्द कुठेच नाही आणि रडण्याचा उल्लेखही नाही. ‘तरी तो सारखा मनात येतो’ या वाक्यावर घरात वाद झाला. लोक काय म्हणतील, असं आईला वाटत होतं. मला ते ठेवावंसं वाटलं, कारण अपराधीपणाची टोचणी एका वाक्यात सांगितली की ती प्रामाणिक वाटते. तीच चार वाक्यं चालली की वाचणाऱ्याला ‘नाही, तुम्ही योग्यच केलंत’ असं म्हणणं भाग पडतं आणि आपण पुन्हा सांत्वनाच्या देवघेवीत शिरतो. डॉक्टरांवरचा राग असेल तर तो या मजकुरात आणू नये. त्याची जागा वेगळी आहे.

‘इंजेक्शन’ हा शब्द कठोर वाटला म्हणून एकाने ‘झोपवलं’ सुचवलं होतं. घरात सहा वर्षांची नात होती. झोपवलेला बंड्या उठला नाही हे कळल्यावर लहान मूल रात्री झोपायला घाबरू शकतं, म्हणून तो शब्द टाळला.

फोटोही एकच असावा, तोही आजारापूर्वीचा. हृदयांची आणि इंद्रधनुष्यांची चित्रं काढून टाकली तर काहीच कमी होत नाही. असा मजकूर रात्री लिहावा आणि सकाळी वाचून मगच पाठवावा. रात्रीची जास्तीची विशेषणं सकाळी आपोआप दिसतात.

आणि असा निरोप तुमच्याकडे आला, तर ‘दुसरं पिल्लू आणा’ असं लिहू नका. तो प्राणी तुम्हाला माहीत असेल तर त्याची एखादी आठवण लिहा. माहीत नसेल तर ‘वाचलं, वाईट वाटलं’ एवढं पुरे.