कडोदऱ्याला माल उतरवताना नुसती सही घेऊ नका

नाखवा मंडळी, कडोदऱ्याला १० क्रेट पापलेट उतरवले, चलानावर २०० किलो. टेम्पो निघाला आणि तासाभराने गिऱ्हाईकाचा फोन : १२ किलो कमी! सही होती 'क्रेट १० मिळाले' एवढीच. त्यावरून क्रेट पोचले हे ठरतं, वजन नाही. शेवटी नुकसान निम्मं-निम्मं सोसलं.

म्हणून बर्फ काढून, पाणी निथळून, रिकाम्या क्रेटचं वजन वजा करून तिथंच काटा करा. काट्याचा आकडा आणि उघडा क्रेट एकाच फोटोत घ्या. कमी भरलं किंवा मासा दबला असेल तर किती किलो ते चलानाच्या दोन्ही प्रतींवर लिहा, गिऱ्हाईक आणि ड्रायव्हर दोघांनी सही करायची. बिलातून तेवढंच कापायचं. बर्फासकट वजनावर वाद घालू नका, वाटेत बर्फ वितळला की तो आकडा उतरतोच.