बॅटरीच्या खोलीला तासाला किती हवा लागते?

मार्च 2001 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या रँचो कॉर्डोव्हा येथे एका रिकाम्या डेटा सेंटरमध्ये स्फोट झाला. कंपनी सामान हलवून निघून गेली होती, पण यूपीएसच्या बॅटऱ्या तिथेच राहिल्या होत्या. छताला सुमारे 400 चौरस फुटांचे भगदाड पडले, अनेक भिंती कोसळल्या. इमारतीत कोणी नव्हते, म्हणून जीवितहानी टळली. कारण होते बॅटरीच्या खोलीत साचलेला हायड्रोजन.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरत आली की चार्जिंगचा प्रवाह तिच्यातील पाणी फोडू लागतो आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजन 4 टक्क्यांवर गेला की छोटी ठिणगीही पुरते. या वायूला वास नसतो, रंग नसतो आणि तो हलका असल्याने छतापाशी गोळा होतो.

किती हवा खेळती ठेवायची, यासाठी आयईसी 62485-2 या मानकात एक सूत्र आहे:

Q = 0.05 × n × Igas × Crt × 10⁻³

Q म्हणजे ताशी घनमीटर हवा, n सेलची संख्या, Crt क्षमता अँपिअर-तासांत आणि Igas म्हणजे दर अँपिअर-तासामागे वायू तयार करणारा प्रवाह, मिलिअँपिअरमध्ये. पाणी घालाव्या लागणाऱ्या बॅटरीसाठी तो फ्लोट चार्जिंगला 5 आणि बूस्टला 20 धरतात. सीलबंद व्हीआरएलएसाठी हेच आकडे 1 आणि 8 आहेत. सूत्रातल्या 0.05 मध्ये पाचपट सुरक्षितता आधीच धरलेली असते.

समजा, पाणी घालायच्या 192 सेलची, 200 अँपिअर-तासांची बँक आहे. बूस्टसाठी 0.05 × 192 × 20 × 200 भागिले 1000, म्हणजे ताशी 38.4 घनमीटर हवा. फ्लोटवर 9.6 पुरते. हिशेब नेहमी बूस्टचाच धरावा, कारण तोच वाईट प्रसंग. बूस्टमध्ये ही बँक ताशी सुमारे 320 लिटर हायड्रोजन सोडते. खोलीत 50 घनमीटर मोकळी हवा असेल आणि वायुवीजन बंद पडले, तर सहा-सात तासांत 4 टक्के गाठले जातात; छताजवळ त्याआधीच.

पंख्याविना नैसर्गिक वायुवीजन हवे असेल, तर Q ला 28 ने गुणून झरोक्याचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मिळते. इथे ते 1075, म्हणजे साधारण 33 सेंमी लांब-रुंद. असे दोन झरोके लागतात: आत येणारा जमिनीलगत, बाहेर जाणारा समोरच्या भिंतीत छताजवळ. दोन्ही एकाच भिंतीत शेजारी काढले, तर हवा थेट एकातून येऊन दुसऱ्यातून निघून जाते आणि बॅटऱ्यांवरून फिरतच नाही.

खोलीत स्प्लिट एसी आहे म्हणून अनेक जण निश्चिंत राहतात. तो मात्र आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. शिवाय हे सूत्र चार्जर नीट चालत असल्याचे गृहीत धरते. व्होल्टेज नियंत्रण बिघडून प्रवाह 20 अँपिअरवर अडकला, तर हायड्रोजन ताशी 1600 लिटरपर्यंत जातो आणि 38 घनमीटर हवा पुरत नाही. म्हणून वायुप्रवाह थांबताच बूस्ट चार्जिंग आपोआप बंद करणारी जोडणी आणि छताजवळ हायड्रोजन सेन्सर असावा. सेन्सरची धोक्याची सूचना 1 टक्क्यावर ठेवली, तर 4 टक्क्यांच्या आत हालचाल करायला वेळ मिळतो.