तीन मीटरवरचं शून्य

नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. प्रतापनगरात बहिणीकडे गेलो, तर भाची आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली. हिवाळी परीक्षेला दहा दिवस उरले होते.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"एसएफडी-बीएमडी पाहून राहिले, मामा. दुसऱ्यांदा. सगळं समजलं."

सिव्हिलच्या मुलांच्या तोंडी असलेले हे दोन शब्द म्हणजे शिअर फोर्स डायग्राम आणि बेंडिंग मोमेंट डायग्राम. तुळईवर भार आला की तिच्या प्रत्येक छेदावर किती कातरबल येतं आणि तिला वाकवणारं आघूर्ण किती, याच्या या दोन आकृत्या. हा विषय मी बावीस वर्षं शिकवला आहे. म्हणून तिच्या वहीवर एक तुळई काढून दिली. लांबी 8 मीटर, दोन्ही टोकांना साधा आधार. डाव्या अर्ध्या भागावर, म्हणजे पहिल्या 4 मीटरवर, मीटरमागे 10 किलोन्यूटन असा सारखा पसरलेला भार, उजवा अर्धा रिकामा. सर्वांत मोठं बेंडिंग मोमेंट किती आणि कुठे, एवढंच विचारलं.

सुरुवात तिने चांगली केली. एकूण भार 40 किलोन्यूटन, तो डाव्या टोकापासून 2 मीटरवर एकवटलेला धरायचा. त्यावरून उजवी प्रतिक्रिया 10 आणि डावी 30. एवढं तिने दोन मिनिटांत बरोबर लिहिलं. मग थोडी थांबली आणि तुळईच्या बरोबर मधोमध, 4 मीटरवर, मोमेंट काढलं. 120 वजा 80, म्हणजे 40 किलोन्यूटन-मीटर. त्याखाली दोन रेघा मारल्या.

उत्तर 45 आहे आणि ते 3 मीटरवर येतं.

"मध्यभागी का घेतलंस?" मी विचारलं. ती म्हणाली, "व्हिडिओत मध्यभागीच होतं." हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही तो व्हिडिओ पुन्हा लावला. शिकवणारे प्राध्यापक उत्तम होते, फळा स्वच्छ, बोलणं संथ. त्यांनी घेतलेलं उदाहरण मात्र पूर्ण लांबीवर सारखा भार असलेल्या तुळईचं होतं. तिथे दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे सर्वांत मोठं मोमेंट मध्यभागीच येतं, आणि त्याचं wL²/8 हे सूत्र फळ्यावर चौकटीत लिहिलेलं होतं. जिथे शिअर फोर्स शून्य होतो तिथे मोमेंट सर्वांत मोठं असतं, हे त्यांनी सांगितलंही. पण एकदाच, तोंडी, आकृती काढता काढता. दीडच्या वेगाने ऐकणाऱ्याच्या कानावरून ते वाक्य चारेक सेकंदांत निघून जातं. त्या उदाहरणात शून्य आणि मध्य एकाच जागी येत होते. डोळ्यांनी मध्य उचलला, शून्य सुटलं.

वेगाला मी दोष देत नाही. दीडपट वेगाने ऐकूनही समज फारशी कमी होत नाही, असं या विषयावरचे प्रयोग सांगतात. भाचीने हा व्हिडिओ निम्म्या वेगाने पाहिला असता तरी ती मध्यभागीच गेली असती असं मला वाटतं. व्हिडिओत गणित सुटत असताना पुढची पायरी कोणती हा निर्णय प्रत्येक वेळी समोरचा माणूस घेतो. छेद कुठे घ्यायचा, कोणती बाजू धरायची, कुठे शून्य शोधायचं, हे सगळं त्याने ठरवलेलं असतं. आपण प्रत्येक पायरीला मान हलवतो आणि ती पायरी आपणच ठरवली असं वाटू लागतं. परीक्षेत मात्र फक्त तुळई दिलेली असते.

तिच्या टेबलावर एक पुस्तकही होतं, बर्डीवरून जुनं घेतलेलं जाडजूड स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स. आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा त्यात जागोजागी होत्या. तो धडा उघडला आणि मला फार वाईट वाटलं. सोडवून दाखवलेल्या प्रत्येक उदाहरणाखाली रेघा होत्या. धड्याच्या सुरुवातीचं दीड पान, जिथे भार, शिअर आणि मोमेंट यांचं नातं समजावून दिलं आहे, ते मात्र कोरं करकरीत. एकही खूण नाही. भाचीनेही ते पान उलटून थेट पहिल्या उदाहरणाकडे झेप घेतली होती. मुलं पुस्तक वाचतात तेव्हाही बहुतेक वेळा व्हिडिओसारखंच वाचतात. सुटलेलं गणित पाहतात आणि पान उलटतात.

मग आम्ही ते दीड पानच वाचायला घेतलं. एवढ्यालाच चाळीस मिनिटं लागली.

पद्धत साधी होती. एक वाक्य वाचायचं, पुस्तकावर हात ठेवायचा आणि त्या वाक्यात जे म्हटलं आहे ते आपल्या 8 मीटरच्या तुळईवर करून पाहायचं. पुस्तक म्हणतं, मोमेंटच्या बदलाचा दर म्हणजे त्या छेदावरचा शिअर, dM/dx = F. आता पुस्तक झाकून तुळईकडे बघ. डाव्या टोकाला शिअर 30. उजवीकडे सरकलं की प्रत्येक मीटरला 10 ने कमी होत जातो. 1 मीटरवर 20, 2 मीटरवर 10, 3 मीटरवर शून्य, 4 मीटरवर उणे 10. पुढे भारच नाही, म्हणून शेवटपर्यंत उणे 10 तसाच. हे तिने स्वतः एकेक आकडा लिहून काढलं. शिअर धन आहे तोवर मोमेंट वाढत जाणार, ऋण झाला की उतरणार. म्हणजे चढ संपून उतार सुरू होतो ती जागा 3 मीटरवर आहे. तिथे ती पेन्सिल टेकवून बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा, म्हणजे मध्यभागाचा काही संबंधच नाही."

तिथे मोमेंट काढलं, 90 वजा 45, म्हणजे 45.

पुस्तकातल्या त्याच दीड पानात आणखी एक गोष्ट असते. तिच्यावरून चूक आपली आपल्याला पकडता येते. शिअरच्या आकृतीखालचं क्षेत्रफळ म्हणजे मोमेंटमधला बदल. पहिल्या 3 मीटरवर त्रिकोण आहे, उंची 30, म्हणून क्षेत्रफळ 45. पुढच्या एका मीटरवर उलटा छोटा त्रिकोण, उणे 5. उरलेल्या 4 मीटरवर आयत, उणे 40. पंचेचाळीसातून पाच गेले, मग चाळीस गेले, हातात शून्य उरलं. उजव्या टोकाला साधा आधार असल्याने तिथे मोमेंट शून्यच असायला हवं. म्हणजे आकृती बंद झाली. ती बंद झाली नाही तर आधी कुठेतरी घसरलो आहोत, हे कोणाला न विचारता कळतं. उत्तरपत्रिका देण्यापूर्वीची दोन मिनिटं यासाठी राखून ठेवावीत, असं मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे.

व्हिडिओचं काम पुस्तकाने होत नाही अशीही एक जागा या धड्यात आहे, आणि ती मोठी आहे. छेद घेणं म्हणजे नक्की काय, हे छापील आकृतीतून बऱ्याच मुलांना कळत नाही. त्या प्राध्यापकांनी फळ्यावरच्या तुळईचा उजवा भाग तळहाताने झाकला आणि म्हणाले, एवढंच उरलं आहे असं समजा, आता हा तुकडा स्थिर राहायला कापलेल्या तोंडावर काय लागेल ते सांगा. त्या एका हाताने जे झालं ते पुस्तकाला चार आकृत्यांनीही होत नाही. भाचीच्या डोक्यात छेद पक्का बसला होता तो तिथूनच, आणि प्रतिक्रिया व मोमेंटचं समीकरण तिने न चुकता लिहिलं होतं तेही त्यामुळेच. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांच्या एनपीटीईएलची व्याख्यानं फुकट मिळतात. नागपूरच्या कोणत्याही कॉलेजातल्या मुलीला घरबसल्या असे शिक्षक ऐकायला मिळतात, याचं मोल मी जाणतो.

म्हणून दुसरा व्हिडिओ आम्ही वेगळ्या तऱ्हेने पाहिला. फळ्यावर गणित लिहून झालं की थांबवायचा. स्वतः कागदावर सोडवायला घ्यायचं आणि अडेपर्यंत पुढे जायचं. अडलं की फक्त पुढच्या एका पायरीपुरता चालू करायचा, पुन्हा थांबवायचा. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओला पावणेदोन तास लागले. ती चार ठिकाणी अडली, आणि त्या चारही जागा तिने वहीत लाल पेनाने लिहून ठेवल्या. त्यातली एक चिन्हांची होती. या व्हिडिओत छेदाच्या डावीकडचं वर जाणारं बल ऋण धरलं होतं, तिच्या पुस्तकात धन. अर्धं गणित एका नियमाने आणि अर्धं दुसऱ्याने झालं, आणि आकृती बंद होईना. मी तिला सांगितलं, परीक्षेपर्यंत एकच नियम धर, पुस्तकातला, आणि प्रत्येक गणिताच्या डोक्यावर तो काढून ठेव.

तिला वाटत होतं, एवढ्या वेळात तीन व्हिडिओ झाले असते. ते खरंच आहे. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग मी तिला सांगितला. काहींनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारलं तेव्हा चित्र उलटलं. लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के आठवलं, दोनदा वाचणाऱ्यांना 42. दुसऱ्यांदा व्हिडिओ पाहून उठताना "सगळं समजलं" असं वाटतं ते पाच मिनिटांनंतरचं मोजमाप असतं. तिची परीक्षा दहा दिवसांनी होती.

ही पद्धत सगळ्या विषयांना लागू करू नये. पाच विषय आणि दहा दिवस असताना प्रत्येक धड्याची दीड-दीड पानं चाळीस मिनिटं वाचत बसणं शक्य नाही. जिथे एका नात्यावर दहा गणितं उभी असतात तिथेच हा वेळ द्यावा. सिमेंटचे प्रकार किंवा चाचण्यांची नावं पाठ करायला व्हिडिओ दीडच्या वेगाने पाहिला तरी चालतो.

निघताना मी वहीतलं ते पान फाडून खिशात घातलं आणि तिला म्हटलं, सकाळी उठल्या उठल्या हीच तुळई पुन्हा सोडव, फक्त भार उजव्या अर्ध्यावर ठेव. दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोनवर फोटो आला. डावी प्रतिक्रिया 10, उजवी 30. शिअर शून्य डाव्या टोकापासून 5 मीटरवर. मोमेंट 45. खाली क्षेत्रफळांची बेरीज करून शून्य आणलेलं, आणि कोपऱ्यात वेळ लिहिलेली: 14 मिनिटं.