गोणी एक, घरं बारा
सोसायटीचं अर्थकारण : भाग 6

द्रोणागिरीत राहणाऱ्यांना वाशीचा दाणाबाजार ना जवळ, ना लांब. जानेवारी 2024 पासून उरणची लोकल सुरू झाली, त्यामुळे एकट्याने जाऊन नमुना बघून येणं सोपं झालं. पण गोणी लोकलमधून येत नाही. टेम्पो करावा लागतो आणि टेम्पो एका घराला परवडत नाही. मग कुणीतरी ग्रुपवर लिहितं, ‘एकत्र धान्य मागवू या का?’ त्यावर वीस अंगठे येतात आणि विषय तिथेच संपतो.

मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच काम करत आली आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ, मागणी आधी नोंदवायची, माल एका घरी उतरवायचा आणि सभासदांनीच वाटून घ्यायचा. ही पद्धत टिकली, कारण तिथे इच्छा विचारत नाहीत, आकडा विचारतात. तेव्हा ग्रुपवरचा संदेश असा असावा:

‘नमस्कार मंडळी. गहू, तांदूळ, तूरडाळ आणि तेल एकत्र मागवत आहोत. प्रत्येक जिन्नसापुढे दोन आकडे भरा: इतकं हवंच आणि इतकंही चालेल. नोंद फक्त सोबतच्या शीटमध्ये, रविवारी रात्री नऊपर्यंत. पैसे सोमवारी आगाऊ. पैसे नाहीत तर नोंद रद्द. वाटणी शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये, पिशव्या आपापल्या आणा. तेल फक्त पाच लिटरच्या सीलबंद कॅनमध्ये.’

शीटचा आग्रह का? ग्रुपवर यादी कॉपी करून खाली आपलं नाव जोडायची सवय असते. दोघांनी एकाच वेळी तसं केलं की एकाचं नाव गळतं, आणि ते कळतं टेम्पो आल्यावर.

दोन आकड्यांचं कारण गोणी. धरू या, गहू 30 किलोच्या गोणीत येतो. (पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर 25 किलोपर्यंत जुलै 2022 मध्ये जीएसटी लागू झाला, तेव्हापासून 26 आणि 30 किलोच्या गोण्या जास्त दिसू लागल्या.) बारा घरांचं ‘हवंच’ मिळून 132 किलो झालं. चार गोण्या कमी पडतात, पाच घेतल्या तर 18 किलो उरतो. ‘चालेल’ची बेरीज 158 असेल तर पाच गोण्या मागवायच्या आणि उरलेले 18 किलो नोंदीच्या क्रमाने वाढीव घ्यायला तयार असलेल्यांना द्यायचे. ती बेरीज 150 ला पोचली नाही, तर चारच गोण्या आणि कपात यादीच्या तळापासून. हे आधी लिहिलेलं असलं की शनिवारी वाद होत नाही.

खरी कटकट तुटीची. पोत्याचं वजन, माती, सांडलवंड धरून 150 किलोचे हातात 148.5 येतात. प्रत्येकाला पूर्ण दहा-दहा किलो मोजत गेलं, तर दीड किलोची तूट शेवटच्या घराच्या गळ्यात पडते, आणि ते घर पुढच्या वेळी नोंद करत नाही. म्हणून आधी सगळ्या गोण्यांचं निव्वळ वजन करायचं, मग तूट सगळ्यांत वाटायची: दहा किलो मागणाऱ्याला 9 किलो 900 ग्रॅम. काटा खरा आहे का, हे मिठाची एक किलोची बंद पिशवी ठेवून सगळ्यांसमोर बघावं. पैसे घेणारा एक आणि काटा धरणारा दुसरा असावा. सोसायटीच्या खात्यात हे पैसे मुळीच जाऊ देऊ नयेत. मेंटेनन्सच्या हिशेबात गहू शिरला की ऑडिटर विचारणारच.

टेम्पो आणि हमाली घरटी वाटू नये, वजनावर वाटावी. समजा 1,600 रुपये खर्च आणि 400 किलो माल, म्हणजे किलोला चार रुपये. दीडशे रुपयांच्या डाळीवर हे काहीच नाही. चाळीस रुपयांच्या गव्हावर मात्र तो दहावा हिस्सा. कोपऱ्यावरचा वाणी गहू घरपोच देतो, आणि वाशीचा दर त्याच्यापेक्षा चार रुपयांनी तरी कमी नसेल, तर गव्हाचा हा खटाटोप निव्वळ हौस ठरतो. डाळ आणि तेलच आणावं.

तेलाचा डबा फोडून वाटू नये. सुटं तेल विकायला अन्नसुरक्षा नियमांची बंदी आहे. आपली वाटणी ही विक्री नव्हे, पण उघड्या डब्यात धूळ आणि ओलावा जायचा तो जातोच. दर विचारताना डबा 15 किलोचा की 15 लिटरचा, हे आधी विचारा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल जेमतेम 13.65 किलो. स्वस्त वाटणारा डबा पुष्कळदा लिटरचा निघतो.

द्रोणागिरीची हवा खाडीची, त्यामुळे जून ते सप्टेंबर महिनाभराचंच मागवावं. गोणी उतरवताना हात आतपर्यंत घालून मधला दाणा काढावा आणि दाताखाली धरावा. कट्टकन फुटला तर कोरडा. चेपला तर ओल आहे, आणि त्यात पोरकिडे व्हायला वेळ लागत नाही. अशी गोणी वाटण्याआधीच टेम्पोबरोबर परत पाठवावी. एकदा वाटली की व्यापारी ती घेत नाही.