डाय नेमका कुठे थांबला?

रिपोर्टमधल्या एका ओळीने घरातलं बोलणंच थांबलं होतं: ‘बायलॅटरल कॉर्नुअल ब्लॉक’. म्हणजे दोन्ही गर्भनलिका गर्भाशयाच्या कोपऱ्यांपाशीच बंद. कराडचं हे जोडपं उदाहरणासाठी कल्पिलेलं आहे, पण असा रिपोर्ट हातात घेऊन बसलेली जोडपी कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात भेटतात. ती ३१ वर्षांची, तो ३४ चा. दोन वर्षं प्रयत्न करूनही दिवस राहिले नव्हते. त्याची वीर्यतपासणी आधीच झाली होती आणि ती व्यवस्थित होती. हा क्रम बरोबरच, कारण ती तपासणी सोपी आणि बिनदुखण्याची असते. आपल्याकडे मात्र अनेकदा बायकोच्या नळ्या आधी तपासल्या जातात.

एचएसजी ही नळ्यांची एक्स-रे तपासणी. पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर आणि स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती करतात. पाळी सुरू झाल्यापासून तपासणीपर्यंत संबंध टाळायला सांगतात, कारण गर्भ राहिलेला असताना ही तपासणी चालत नाही. बारीक नळीने गर्भाशयाच्या तोंडातून आयोडीनयुक्त द्रव हळूहळू सोडला जातो. त्याला सगळे ‘डाय’ म्हणत असले तरी तो रंगीत नसतो. आयोडीन एक्स-रे अडवतं, म्हणून तो पडद्यावर उठून दिसतो. आधी गर्भाशयाचा त्रिकोण भरतो, मग दोन्ही कोपऱ्यांतून दोऱ्यासारख्या रेषा निघतात, टोकाकडे रुंदावतात आणि शेवटी डाय पोटाच्या पोकळीत सांडून आतड्यांभोवती पसरतो. रिपोर्टमध्ये याला ‘फ्री स्पिल’ लिहितात.

डाय अडला, तर तो कुठे अडला यावर सगळं अवलंबून असतं.

कोपऱ्यापाशी नळीची पोकळी जेमतेम मिलिमीटरभर असते आणि तिच्याभोवती गर्भाशयाचा जाड स्नायू असतो. भीतीने, दुखण्याने किंवा डाय जोरात ढकलल्याने तो स्नायू आवळला, की उघडी नळीही बंद दिसते. कधी श्लेष्माचा छोटा बोळा आड येतो. एकच बाजू भरली नाही, तर कधी कधी एवढंच झालेलं असतं, की डायला दुसऱ्या बाजूची वाट सोपी गेली. म्हणून सावध डॉक्टर तपासणीच्या तासभर आधी वेदनाशामक गोळी देतात, डाय सावकाश सोडतात, थोडं थांबतात, पेशंटला कुशीवर वळवून पुन्हा फोटो घेतात. एवढं करूनही कोपऱ्यातला अडथळा दिसला, तरी तो निकाल पक्का धरत नाहीत. बऱ्याच जणींच्या नळ्या दुसऱ्या तपासणीत उघड्या निघतात.

टोकाशी अडलेला डाय वेगळी गोष्ट सांगतो. नळी फुगत जाते, डाय आतच साठतो, बाहेर सांडत नाही. हा हायड्रोसाल्पिंक्स, बहुतेकदा जुन्या जंतुसंसर्गाचा परिणाम. इथे स्नायू आवळल्याची शंका घ्यायचं कारण उरत नाही. अशा नळीतलं पाणी गर्भाशयात झिरपतं आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातही यश कमी करतं, त्यामुळे आधी ती नळी काढायचा किंवा बांधायचा सल्ला मिळतो. मण्यांच्या माळेसारखी गाठाळ किंवा ताठर नळी दिसली, तर आपल्या देशात क्षयाचा विचार करावाच लागतो.

फ्री स्पिल दिसलं, तरी नळी नीट काम करते असं सिद्ध होत नाही. बीज टिपून पुढे सरकवण्याचं नळीचं काम एक्स-रेत दिसत नाही, आणि बाहेरून चिकटलेले पडदे किंवा एंडोमेट्रिओसिसही नजरेतून निसटू शकतो.

डायचा एक अनपेक्षित फायदाही आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या मोठ्या अभ्यासात तेलकट डाय वापरलेल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांना पुढच्या सहा महिन्यांत गर्भ राहिला. पाण्यात विरघळणारा डाय वापरलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होतं. तेलकट डाय सर्वांना चालत नाही, थायरॉइडचा त्रास असेल तर आधी सांगायलाच हवं.

कराडच्या त्या दोघांना डॉक्टरांनी थेट आयव्हीएफकडे पाठवलं नाही. आधीच्या तपासणीत ती कळवळली होती आणि फोटो लवकर आटोपले होते, हे त्यांनी विचारून घेतलं. मग भूल देऊन दुर्बिणीने तपासणी झाली. गर्भाशयातून सोडलेला निळा द्रव उजव्या नळीच्या टोकातून सहज बाहेर आला. डावी नळी खरोखरच बंद निघाली. एक नळी मोकळी, वीर्य चांगलं, वय ३१. तेव्हा सोनोग्राफीने बीज कोणत्या बाजूला वाढतंय ते पाहत काही महिने नैसर्गिक प्रयत्न करायचं ठरलं. तेवढ्यात दिवस राहिले नाहीत, तर आयव्हीएफचा विचार करायचा, असंही दोघांशी बोलून आधीच लिहून ठेवलं गेलं.