सोळावा अंक

मार्चअखेरीस एका पतसंस्थेच्या कार्यालयात बसलो होतो. सुमारे ४०० सभासदांचा लाभांश बँकेतून जमा झाला होता आणि त्याची यादी सीएसव्ही फाइलमध्ये आली होती. क्लार्कने ती डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, जतन केली आणि खातेक्रमांकांवरून संस्थेच्या डेटाबेसशी जुळवायला घेतली. जुळले जेमतेम चाळीस.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. अमुक रकाना क्रमांकाचा आणि तमुक मजकुराचा, असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. एक्सेलला नुसते अंक दिसले की ते त्यांना संख्या समजतं, आणि संख्येचे डावीकडून पंधराच अंक सांभाळतं. सोळाव्याच्या जागी शून्य येतं. एका बाईंचा खातेक्रमांक घ्या:

```
फाइलमध्ये:      5230147800126437
पडद्यावर:       5.23015E+15
सेलमध्ये उरलेला: 5230147800126430
```

E+15 म्हणजे गुणिले १० चा पंधरावा घात. ते फक्त दाखवण्याचं रूप आहे आणि रकान्याचं फॉरमॅट Number केलं की जातं. म्हणूनच माणूस फसतो. पूर्ण सोळा अंक दिसले की क्रमांक परत आला असं वाटतं, पण शेवटचा ७ केव्हाच गेलेला असतो. तीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली तर नुकसान आणखी वाढतं, कारण तिथे पडद्यावर दिसतं तेच लिहिलं जातं. मग फाइलमध्ये 5.23015E+15 एवढंच उरतं.

चाळीसच का जुळले, हेही यातून कळतं. ज्यांचा शेवटचा अंक मुळातच शून्य होता, ते दहातले साधारण एक, सहीसलामत सुटले. रकान्यातले सगळे क्रमांक शून्यावर संपत असतील, तर रोग हाच. मला मात्र न जुळलेल्यांपेक्षा जुळलेल्यांची काळजी जास्त वाटली. या बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी एकाच दिवशी खाती उघडली होती, आणि यजमानांचा क्रमांक 6430 वर संपत होता. बाईंची रक्कम बिनबोभाट त्यांच्या नावावर नोंदली गेली. संगणकाने चूक दाखवली नाही, कारण त्याच्या लेखी सगळं बरोबर होतं.

गेलेला अंक कोणत्याही सूत्राने परत येत नाही. मूळ फाइलकडेच जावं लागतं. ती नोटपॅडमध्ये उघडली तर सोळाही अंक जागेवर दिसतात. एक्सेलमध्ये आणताना डबल-क्लिक न करता Data मधून From Text/CSV निवडायचं, Transform Data मध्ये जाऊन खातेक्रमांकाच्या रकान्याचा प्रकार Text करायचा आणि मगच Load करायचं. डेटाबेसमध्येही असा क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावा. त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही.

आणि बँकेकडून आलेली फाइल उघडण्याआधी तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा. त्या दिवशी क्लार्कने त्याच नावाने जतन केल्यामुळे आम्हाला यादी बँकेकडून पुन्हा मागवावी लागली.