सोळा आमदार, एक अर्ज आणि अध्यक्षांच्या हातातली तारीख

जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले, तेव्हा चाळीसगावात निम्मा तालुका टीव्हीसमोर होता. गंमत म्हणजे चाळीसगावच्या आमदाराचा त्या भानगडीशी संबंध नव्हता. मंगेश चव्हाण भाजपचे. पण आजूबाजूला पाहावे तिकडे शिवसेना होती. पाचोऱ्याचे किशोर पाटील, जळगाव ग्रामीणचे गुलाबराव पाटील, पारोळा-एरंडोलचे चिमणराव पाटील, चोपड्याच्या लता सोनवणे. जिल्ह्यातले शिवसेनेचे हे चारही आमदार एकनाथ शिंदे यांच्याकडे गेले. त्यांपैकी चिमणराव आणि लताताई या दोघांची नावे अपात्रतेच्या पहिल्या सोळांच्या यादीत होती.

गद्दार कोण आणि निष्ठावंत कोण, हा वाद पानाच्या टपरीवर खूप झाला. कायद्याला त्यात फारसा रस नाही. कायदा विचारतो: पक्ष म्हणजे नेमके कोण, हे कोणी ठरवायचे आणि कधी ठरवायचे? या प्रकरणातला ‘कधी’ मला ‘कोणी’पेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आले. आमदार दोन कारणांनी अपात्र ठरतो. एक, त्याने स्वतःहून पक्षाचे सदस्यत्व सोडले तर. दोन, पक्षाचा व्हिप मोडून मतदान केले किंवा तो गैरहजर राहिला, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही तर. पहिल्या कारणासाठी राजीनाम्याचा कागद लागत नाही. गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वागणुकीवरूनही सदस्यत्व सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. निर्णय मात्र सभागृहाच्या अध्यक्षांनीच द्यायचा. ‘किहोटो होलोहान’ प्रकरणात १९९२ मध्ये हे अधिकार वैध ठरले, पण निकालानंतर न्यायालयात दाद मागण्याची वाट मोकळी राहिली. निकालाच्या आधी न्यायालयाने शक्यतो मध्ये पडायचे नाही.

आता मूळ परिशिष्टातली एक पळवाट पाहू. विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य फुटले, तर त्याला ‘फूट’ म्हणत आणि कोणी अपात्र होत नसे. तिचा सर्वांत गाजलेला वापर आपल्याच जिल्ह्यातल्या अध्यक्षांसमोर झाला. खिरोद्याचे मधुकरराव चौधरी तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले. सेनेचे आमदार ५२, त्यामुळे किमान १८ हवे होते. सोबत आलेल्यांतले बरेच जण लगोलग परतले, तरी एक तृतीयांशाहून अधिक सदस्य पक्षातून बाहेर पडले होते, या आधारावर चौधरी यांनी फूट मान्य केली. म्हणजे फूट त्या एका क्षणाला मोजली गेली. ही पळवाट २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने बंद झाली. उरली ती विलीनीकरणाची वाट. त्यासाठी मूळ पक्षाचे दुसऱ्या पक्षात विलीनीकरण झालेले असावे लागते आणि विधिमंडळ पक्षातल्या किमान दोन तृतीयांश सदस्यांची त्याला संमती लागते.

चोपड्याचे अरुणभाई गुजराथी अध्यक्ष असताना, जून २००२ मध्ये, विलासराव देशमुख सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या तोंडावर सात आमदार अपात्र ठरले. मतदानाच्या आधीच. सरकार तरले. अध्यक्षांना झटपट निर्णय देता येत नाही, असे कोणी म्हणू लागले की मला हेच उदाहरण आठवते. वेळ हे साधन आहे. ते दोन्ही बाजूंनी वापरता येते.

२०२२ मध्ये काय झाले, ते तारखांनी पाहिले तरच कळते. २१ जूनला ठाकरे यांच्या बाजूने विधिमंडळ गटनेतेपदी अजय चौधरी यांची निवड झाली आणि शिंदे यांना हटवले गेले. त्याच दिवशी शिंदे गटाने ठराव करून भरत गोगावले यांना प्रतोद केले. आधीचे प्रतोद सुनील प्रभू. अध्यक्षपद रिकामे होते, म्हणून उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे कागद गेले आणि त्यांनी चौधरी यांची निवड मान्य केली. मग सोळा आमदारांविरुद्ध अपात्रतेचे अर्ज आले. कारण असे की प्रभूंनी बोलावलेल्या २२ जूनच्या बैठकीला ते आले नाहीत आणि त्यांच्या एकूण वागणुकीवरून सदस्यत्व सोडल्याचे दिसते.

झिरवाळांनी २५ जूनला नोटिसा काढल्या आणि २७ जूनच्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत उत्तर मागितले. ही घाई पथ्यावर पडली ती शिंदे गटाच्या. महाराष्ट्राच्या १९८६ च्या नियमांप्रमाणे उत्तराला साधारण सात दिवस मिळतात. त्याशिवाय झिरवाळांना हटवण्याची नोटीस त्याआधीच दिल्याचा दावा गटाने केला. ‘नबाम रेबिया’ या २०१६ च्या निकालाप्रमाणे, स्वतःला हटवण्याची नोटीस प्रलंबित असताना अध्यक्षाने अपात्रतेचा निर्णय द्यायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ जूनला उत्तराची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. फक्त मुदत वाढवली, असे वाटते. पण त्या मुदतीत राज्य बदलले. २८ जूनला राज्यपालांनी बहुमत चाचणीचे पत्र काढले, २९ ला न्यायालयाने ती रोखली नाही, त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले, ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. अर्ज तेच, पण ते ऐकणारे आता दुसरे.

नार्वेकर यांनी लगेच शिंदे यांना गटनेते आणि गोगावले यांना प्रतोद म्हणून मान्यता दिली. ४ जुलैच्या विश्वासदर्शक ठरावावर दोन्ही बाजूंनी व्हिप काढले. गोगावले यांनी ठाकरेंकडच्या चौदा जणांविरुद्ध अर्ज केला. पंधरावे आदित्य ठाकरे, त्यांचे नाव वगळले.

मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल इथे नीट वाचावा लागतो, कारण दोन्ही बाजूंनी ११ मेला पेढे वाटले. पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. म्हणून गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरली. फूट पडली, हा आता बचाव नाही. राज्यपालांचे चाचणीचे पत्रही चुकीचे होते. पण ठाकरे यांनी मतदानाला सामोरे न जाता राजीनामा दिला, त्यामुळे जुने सरकार परत आणता येत नाही. आणि अपात्रता? ती अध्यक्षांनी वाजवी मुदतीत ठरवावी. पक्ष कोणता, हे ठरवताना विधानसभेतले बहुमत डोळे मिटून प्रमाण मानू नये. पक्षाची घटना आणि नेतृत्वरचना पाहावी.

‘वाजवी मुदत’ याचा अर्थ कोणी सांगितला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. याचिकाकर्ते पुन्हा न्यायालयात आले. शेवटी न्यायालयाने ३१ डिसेंबर २०२३ ही तारीख दिली, ती पुढे १० जानेवारी झाली. दरम्यान सुनावणीत सुनील प्रभूंची उलटतपासणी झाली. शिंदे गटाचे वकील महेश जेठमलानी व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या निरोपांबद्दल खोदून विचारत होते. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण व्हिप मिळालाच नाही, तर मोडला कसा? अपात्रतेचा खटला खरा इथे जिंकला किंवा हरला जातो: नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली, पोच आहे का, बैठक सभागृहाबाहेरची होती तर तिला व्हिप लागू होतो का.

१० जानेवारी २०२४ चा निकाल तीन कसोट्यांवर चालतो. पहिली, पक्षाची घटना. ठाकरे गटाने २०१८ ची दुरुस्त घटना पुढे केली, पण ती निवडणूक आयोगाच्या नोंदीत नसल्याने १९९९ ची घटना ग्राह्य धरली गेली. दुसरी, नेतृत्वरचना. १९९९ च्या घटनेत सर्वोच्च पद ‘शिवसेनाप्रमुख’, तर २०१८ ची रचना ‘पक्षप्रमुखा’ची. अध्यक्षांनी ठरवले की पक्षप्रमुखाची इच्छा म्हणजे आपोआप पक्षाची इच्छा नव्हे, आणि या दोन कसोट्यांवरून खरा पक्ष ठरत नाही. मग तिसरी, विधिमंडळातले बहुमत. ५५ पैकी ३७ शिंदेंकडे. म्हणून २१ जूनला दोन गट समोर आले तेव्हा शिंदे गट हाच शिवसेना, प्रभूंचा अधिकार त्याच दिवशी संपला, गोगावले यांची नेमणूक योग्य. सोळापैकी कोणी अपात्र नाही. गोगावले यांचे अर्जही फेटाळले, कारण त्यांचा व्हिप प्रत्यक्ष बजावल्याचे सिद्ध झाले नाही.

माझे मत लपवत नाही. तिसरी कसोटी बेकायदा नाही, न्यायालयाने ती ‘डोळे मिटून’ लावू नका एवढेच म्हटले होते. पण पहिल्या दोन कसोट्या अनिर्णायक ठरवून तिसरीवर सगळे टाकले की निकाल गणितावरच येऊन थांबतो. एक तृतीयांशाची रद्द झालेली पळवाट वेगळ्या दारातून आत येते. फक्त आता मोजणी बहुमताची. उलट बाजूलाही बोलायला जागा आहे: आपली घटना आयोगाकडे नीट नोंदवून न ठेवणाऱ्या पक्षाला ‘आमची रचना माना’ म्हणताना अडचण येणारच. पाच आठवड्यांनी राष्ट्रवादीच्या प्रकरणातही नार्वेकर यांनी ५३ पैकी ४१ आमदार असलेल्या अजित पवार गटाला खरा पक्ष ठरवले.

राहिला प्रश्न मुदतीचा. मणिपूरच्या ‘मेघचंद्र’ प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हावा असे म्हटले आणि अध्यक्षाऐवजी स्वतंत्र लवाद असावा, असे संसदेला सुचवले. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला अध्यक्ष पक्षांतराचा न्यायाधीश कसा, हा त्यामागचा साधा प्रश्न. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या दहा आमदारांच्या प्रकरणात न्यायालयाने अध्यक्षांना पुन्हा तीन महिन्यांचीच मुदत आखून दिली. ‘नबाम रेबिया’चा प्रश्न मात्र घटनापीठाने २०२३ मध्ये सात न्यायाधीशांकडे पाठवला.

झिरवाळांच्या नोटिशीपासून नार्वेकरांच्या निकालापर्यंत अठरा महिन्यांहून अधिक काळ गेला. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात असतानाच विधानसभेची मुदत संपली. चाळीसगावात माजी खासदार उन्मेष पाटील भाजप सोडून ठाकरेंच्या मशालीवर उभे राहिले आणि मंगेश चव्हाणांकडून हरले; मुदत संपताना पक्ष बदललेल्या माणसाविरुद्ध कोणी अपात्रतेचा अर्ज करत नाही. एरंडोलमधून चिमणरावांचे चिरंजीव अमोल पाटील आणि चोपड्यातून लताताईंचे पती चंद्रकांत सोनवणे, दोघेही धनुष्यबाणावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आले. ज्या दोन जागा रिकाम्या कराव्यात अशी मागणी त्या अर्जांत होती, त्या तोवर मतदारांनी नव्याने भरल्या होत्या.